कापणे सोपे जावे यासाठी फोटो कसा काढावा: पांढरी भिंत, सहा फूट अंतर आणि करडा रंग

प्रश्न: आमच्या हौशी नाट्यसंस्थेच्या एकांकिकेचे पोस्टर करायचे आहे. सात कलाकारांचे फोटो वेगवेगळे काढून ते विटकरी रंगाच्या पार्श्वभूमीवर एकत्र बसवणार आहोत. मागच्या वेळी हिरव्या कापडासमोर फोटो काढले, तर केसांना आणि पांढऱ्या धोतराला हिरवी झाक आली आणि नुसत्या कापण्यात तीन रात्री गेल्या. या वेळी 12 फूट रुंद, 18 फूट लांब, पांढऱ्या भिंतींची खोली मिळाली आहे. एपीएस-सी सेन्सरचा 24 मेगापिक्सेलचा कॅमेरा, 50 मिमी लेन्स, ट्रायपॉड आणि दोन फ्लॅश आहेत. एका फ्लॅशला सॉफ्टबॉक्स आहे. फोटो काढतानाच काय काळजी घ्यावी?

उत्तर:

हिरवे कापड या वेळी घरीच ठेवावे, हे आधी सांगतो. पण ते का, हे समजले तर बाकीचे सगळे निर्णय तुमचे तुम्हालाच घेता येतील. त्यासाठी केसाच्या कडेवर नेमके काय घडते ते पाहू.

तुमच्या कॅमेऱ्यात उभ्या फोटोची उंची 6000 पिक्सेल असते. माणूस डोक्यापासून अर्ध्या मांडीपर्यंत घेतला, तर त्या उंचीत साधारण 1.4 मीटर मावतात, म्हणजे एका पिक्सेलच्या वाट्याला जवळजवळ पाव मिलिमीटर येतो. माणसाचा केस एक दशांश मिलिमीटरपेक्षा सहसा बारीकच असतो. त्यामुळे सुटा केस जिथून जातो तिथल्या पिक्सेलमध्ये केसाचा वाटा साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढा असतो आणि उरलेला रंग मागच्या पडद्याचा असतो. मास्क कितीही कौशल्याने केला तरी तो एवढेच ठरवतो की हा पिक्सेल किती दिसावा. त्यात मिसळलेला पडद्याचा रंग तो वेगळा काढत नाही. म्हणून पडदा निवडताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: यातला कोणता रंग केसांत राहून गेला तरी पोस्टरवर कोणाच्या लक्षात येणार नाही?

हिरवा रंग या प्रश्नाचे सर्वांत वाईट उत्तर आहे. चित्रपट आणि दूरचित्रवाणीत तो वापरतात, त्याला कारणे आहेत. कॅमेऱ्याच्या सेन्सरवरील निम्मे बिंदू हिरव्या प्रकाशाचे असतात, त्यामुळे त्या रंगाची माहिती अधिक स्वच्छ मिळते. शिवाय सेकंदाला 24 किंवा 25 चौकटी हाताने कापणे शक्य नसल्याने एक रंग सरसकट वगळण्याची सोय तिथे लागतेच. तुम्हाला सातच चित्रे कापायची आहेत. ती सोय तुमच्या फारशा कामाची नाही, आणि तिची किंमत मात्र पुरेपूर मोजावी लागते. कापडावर पडलेला प्रकाश हिरवा होऊन परत फिरतो आणि गालाच्या कडेवर, कानामागे, खांद्यावर पसरतो. कलाकार कापडापासून दोन फुटांवर उभा असेल तर पांढरे धोतर हा रंग जवळजवळ सगळा झेलते. नंतर सॉफ्टवेअरमध्ये तो हिरवेपणा काढायला गेले की त्वचेची कड राखाडी किंवा जांभळट पडते, आणि मग ती सावरण्यात रात्री जातात.

तुमच्या पोस्टरसाठी पडदा करडा हवा, आणि तोही कोणताही करडा चालणार नाही. पोस्टरची विटकरी पार्श्वभूमी आधी तयार करा आणि तिची एक प्रत कृष्णधवल करून पाहा. उदाहरणार्थ, ज्या विटकरी रंगाचे आकडे R 178, G 84, B 60 असे आहेत, त्याचा कृष्णधवल उजळपणा 0 ते 255 या मोजणीत सुमारे 110 येतो. म्हणजे फोटोत मागची भिंत 110 ते 120 च्या आसपास आली, तर केसांत मिसळून राहिलेला करडा रंग विटकरी रंगाइतकाच उजळ असेल. रंगाचा फरक एवढ्या बारीक कडेवर डोळ्याला सहसा जाणवत नाही, उजळपणाचा फरक मात्र ताबडतोब जाणवतो. केसांभोवती दिसणारी ती प्रसिद्ध पांढरी किंवा काळी रेघ म्हणजे दुसरे काही नसून हाच उजळपणाचा फरक असतो.

या मधल्या करड्याचा तुमच्या वेषभूषेलाही फायदा आहे. काळे केस आणि काळे जाकीट त्याच्यापेक्षा गडद दिसतात, पांढरे धोतर त्याच्यापेक्षा उजळ दिसते, आणि म्हाताऱ्याच्या भूमिकेसाठी कोणाचे केस पांढरे केले असतील तर तेही उजळ बाजूला जातात. पांढऱ्या पडद्यासमोर धोतर हरवले असते आणि काळ्यासमोर केस. अडचण फक्त त्वचेची राहते, कारण आपल्याकडच्या बहुतेकांच्या त्वचेचा उजळपणा याच मधल्या पट्ट्यात येतो आणि गालाची कड भिंतीत मिसळल्यासारखी वाटते. त्याने घाबरण्याचे कारण नाही. गाल, मान आणि हात यांची कड सलग व टणक असते आणि ती पेन टूलने काही मिनिटांत आखता येते. हाताने आखता न येणारी कड केसांची, म्हणून पडदा केसांच्या सोयीने निवडायचा आणि बाकीच्या कडा हाताने आखायच्या.

आता करडा पडदा आणायचा कुठून? विकत घेऊ नका. तुमच्या पांढऱ्या भिंतीतच तो आहे. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो: अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथा हिस्सा उरतो, तिप्पट झाले की नववा. सॉफ्टबॉक्स कलाकारापासून 4 फुटांवर, त्याच्या समोरून एका बाजूला 45 अंशांत ठेवला, तर भिंतीच्या दिशेने मोजता तो कलाकाराच्या पुढे जेमतेम 3 फूट असतो. कलाकार आणि भिंत यांत 6 फूट अंतर ठेवले, की दिव्यापासून भिंत 9 फुटांवर आली. 4 आणि 9 यांच्या वर्गांचे गुणोत्तर 16 ला 81, म्हणजे भिंतीवर कलाकाराच्या तुलनेत साधारण पाचवा हिस्सा प्रकाश पडतो. फोटोग्राफीच्या भाषेत हा फरक सव्वादोन स्टॉपचा; एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होणे. पांढरा रंग आणि मधला करडा यांच्यातही जवळजवळ एवढाच फरक असतो. त्यामुळे कलाकाराचे एक्सपोजर बरोबर ठेवले की मागची पांढरी भिंत आपोआप मध्यम करडी दिसू लागते.

हा हिशेब मोकळ्या जागेचा आहे. तुमच्या खोलीत बाजूच्या भिंती आणि छतही पांढरे आहेत, ते प्रकाश परतवतात आणि भिंत हिशेबापेक्षा थोडी उजळ येते. तशी आली तर दिवा कलाकाराच्या अर्धा-एक फूट जवळ आणावा आणि तेवढ्या प्रमाणात त्याची शक्ती कमी करावी. दिवा जवळ आला की कलाकारावरील प्रकाश आणि भिंतीवरील प्रकाश यांतील तफावत वाढते व भिंत गडद होते. दूर नेला की तफावत कमी होऊन भिंत उजळते. भिंतीला हातही न लावता तिचा रंग बदलण्याची ही युक्ती एकदा हाताशी आली, की वेगवेगळ्या रंगांचे कागदी रोल सांभाळण्याची गरज फारशी उरत नाही.

सहा फुटांचे आणखी दोन उपयोग आहेत. एक म्हणजे भिंतीवरून परत फिरून कलाकाराच्या कडांवर येणारा प्रकाश नगण्य होतो, आणि तो रंगहीन असल्याने आला तरी डाग पाडत नाही. दुसरे म्हणजे सावली. दिवा 45 अंशांवर असेल तर कलाकाराची सावली मागे जाताना तितकीच बाजूला सरकते, म्हणजे सहा फुटांवरच्या भिंतीवर ती सहा फूट बाजूला पडते आणि चौकटीत येतच नाही. हेच अंतर दोन फूट असते तर सावली खांद्यामागेच चिकटली असती, आणि करडी भिंत कुठे संपते व काळे जाकीट कुठे सुरू होते हे सांगणे कठीण झाले असते.

खोलीची मांडणी आता जवळजवळ ठरलीच. भिंतीपासून 6 फुटांवर कलाकार, त्याच्यापासून 10 फुटांवर कॅमेरा, आणि तुमच्या उभे राहण्यासाठी मागे 2 फूट: अठरा फूट संपले. या अंतरावर 50 मिमी लेन्समधून कलाकाराच्या जागी साधारण पावणेपाच फूट उंची आणि तीन फूट रुंदी मावते, म्हणजे डोक्यापासून अर्ध्या मांडीपर्यंतचा माणूस. मागच्या भिंतीचा फक्त पाच फूट रुंद आणि साडेसात फूट उंच तुकडा चौकटीत येतो; तेवढाच स्वच्छ असला की पुरे. खिळे, स्विचबोर्ड आणि कॅलेंडरचे डाग या तुकड्याच्या बाहेर आहेत की नाहीत, ते कॅमेऱ्यातून पाहून भिंतीवर कोपऱ्याकोपऱ्यांना पेन्सिलची खूण करा.

पायांपर्यंतचा पूर्ण माणूस या खोलीत घेण्याचा मोह टाळा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यासाठी कॅमेरा कलाकारापासून किमान 13 फुटांवर न्यावा लागेल, भिंतीचे अंतर तीन फुटांवर येईल आणि वर सांगितलेली सगळी सोय निघून जाईल. शिवाय पाय जमिनीला टेकतात तिथे सावलीसकट कापण्याचा वेगळाच उपद्व्याप सुरू होतो. पोस्टरची रचनाच अर्ध्या मांडीपर्यंतच्या आकृत्यांची केली तर कोणाचे काही बिघडत नाही.

दुसरा फ्लॅश असला की तो वापरलाच पाहिजे असे अनेकांना वाटते. मी तो आधी बंद ठेवून पहिला फोटो घेतो. चेहऱ्याच्या अंधाऱ्या बाजूला प्रकाश हवा असतो, हे खरे, कारण सावलीतला गाल नेमका भिंतीएवढा करडा होतो आणि कड नाहीशी होते. पण त्यासाठी दिव्याच्या विरुद्ध बाजूला, कलाकारापासून अडीच-तीन फुटांवर थर्माकोलचा चार फुटी पांढरा ताव उभा केला तरी पुरते. दुसरा फ्लॅश मी भिंतीसाठी राखून ठेवतो. तो कलाकाराच्या मागे, चौकटीबाहेर, भिंतीकडे तोंड करून अगदी कमी शक्तीवर ठेवला, तर भिंतीचा करडेपणा कलाकाराला न स्पर्शता वर चढवता येतो. तुमच्या विटकरी पोस्टरला बहुधा त्याची गरज पडणार नाही. मात्र पोस्टर फिकट पिवळे किंवा पांढरे असते, तर याच फ्लॅशने भिंत जवळजवळ पांढरी केली असती.

उलट पोस्टर रात्रीच्या आकाशाचे, गडद निळे असते तर? तेव्हा भिंत गडद करावी लागते, आणि गडद भिंतीत काळे केस बुडतात. अशा वेळी दुसरा फ्लॅश मागून, एका बाजूने, डोक्याच्या वरच्या पातळीवरून केसांवर टाकावा लागतो, म्हणजे केसांची कड उजळ होऊन गडद भिंतीपासून सुटी दिसते. पण मग ती उजळ कड मुख्य दिव्याच्या प्रकाशापेक्षा एका स्टॉपहून अधिक तेजस्वी होऊ द्यायची नाही, नाहीतर केस कापल्यावर तारेसारखे दिसतात. आणि हे दोन्ही प्रकार एकत्र करायचे नाहीत: मध्यम करडी भिंत आणि मागून प्रकाश घेतला, की एका बाजूचे केस भिंतीपेक्षा उजळ आणि दुसऱ्या बाजूचे गडद होतात. मग उजळपणाच्या आधारे केलेला कोणताही मास्क मधेच उलटा होतो. तुमच्या पोस्टरसाठी मागचा प्रकाश नको, तो यामुळेच.

पांढऱ्या भिंतीबद्दल एक स्वतःची चूक सांगतो. सुरुवातीच्या काळात, एका नृत्यशिक्षिकेचा फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीसाठी हवा होता. पडदा जितका पांढरा तितके कापणे सोपे, या समजुतीने मी तो दोन दिव्यांनी पेटवला आणि कलाकार त्याच्यापासून तीन फुटांवर उभी केली. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो अत्यंत स्वच्छ दिसला. घरी मोठा करून पाहिला तेव्हा कानाच्या पाळ्या अर्ध्या विरघळल्या होत्या, सुटे केस नाहीसे झाले होते आणि काळ्या केसांचा बाहेरचा थर तपकिरी, धुरकट झाला होता. मागून येणारा जादा प्रकाश लेन्समध्ये पसरतो आणि बारीक वस्तू खाऊन टाकतो. तिथे कापायला काही उरलेलेच नसते. तेव्हापासून पांढरी पार्श्वभूमी हवी असली तरी ती कलाकारापेक्षा फार तर अर्धा-पाऊण स्टॉप उजळ ठेवतो, आणि कॅमेऱ्यातील अतिउजळ भाग लुकलुकवणारी सूचना नेहमी चालू असते. ती भिंतीवर लुकलुकली तर एक वेळ चालते, पण केसांच्या टोकांवर किंवा खांद्याच्या कडेवर आली की दिवा ताबडतोब कमी करायचा.

आता कडेच्या स्पष्टतेकडे येऊ. पार्श्वभूमी धूसर करण्याच्या हौसेने अनेक जण लेन्स पूर्ण उघडतात. दहा फुटांवर f/1.8 ठेवले तर तुमच्या कॅमेऱ्यात जेमतेम 25 सेंटीमीटर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो. डोळे स्पष्ट, पण मागचा अंबाडा आणि पुढे आलेला हात धूसर. धूसर कड ही कापणाऱ्याची सर्वांत मोठी शत्रू, कारण ती कुठे संपते याला उत्तरच नसते. f/8 वर हाच पट्टा साधारण एक मीटरचा होतो आणि माणूस त्यात आरामात मावतो. भिंतीचा पोत स्पष्ट दिसण्याची भीती नको. ती सहा फूट मागे असल्याने पुरेशी मऊ पडते. त्यासोबत ISO 100 आणि शटर 1/160 ठेवा. मग फ्लॅश बंद करून एक फोटो काढा: तो जवळजवळ काळा यायला हवा. तसा आला तर खोलीतील ट्यूबलाइट आणि खिडकीचा उजेड तुमच्या कडांमध्ये ढवळाढवळ करत नाही, हे सिद्ध झाले.

आणि पंखा बंद करा. उन्हाळ्यात हे सांगितले की मंडळी माझ्याकडे रागाने पाहतात, पण उडणारी बट एकदा धूसर झाली की तिचे काहीच करता येत नाही. दर दोन कलाकारांमध्ये पाच मिनिटे पंखा लावा, पण फोटो काढताना तो बंदच हवा. त्याच वेळी ओल्या तळव्याने डोक्यावरचे एकटेदुकटे उभे केस बसवून घ्या. भरगच्च मोकळे केस कापण्यासारखे असतात, परंतु ताठ उभे राहिलेले चार केस शेवटी आपण पुसूनच टाकतो. ते आधीच बसवलेले बरे.

फोटो रॉ स्वरूपातच घ्या. जेपेग फाइल चित्राचे 8 गुणिले 8 पिक्सेलचे चौकोन करून माहिती गाळते आणि रंगाचा तपशील सहसा उजळपणापेक्षा कमी ठेवते, त्यामुळे केसांच्या कडेला चौकोनी मळ दिसतो. शिवाय जेपेग तयार करताना कॅमेरा स्वतःच कडा धारदार करतो आणि प्रत्येक कडेला बारीक उजळ रेघ आखून देतो. तीच रेघ पुढे कापल्यावर उरते आणि आपण कापण्याला दोष देत बसतो. रॉ उघडतानाही धार वाढवणारी सोय शून्यावर ठेवा. ती पोस्टर तयार झाल्यावर अगदी शेवटी वापरायची.

भिंतीच्या रंगाबद्दल दोन गोष्टी. डिस्टेंपर असेल तर उत्तम, कारण तो प्रकाश सगळीकडे सारखा पसरवतो. तैलरंगाची भिंत चमकते आणि दिव्याचे प्रतिबिंब एका जागी ठिपक्यासारखे उमटते. तशी भिंत असली तर तिच्यावर इस्त्री केलेली, कडक ताणलेली पांढरी चादर लावा. दुसरे असे की बहुतेक पांढऱ्या भिंती किंचित पिवळसर असतात. तेवढे चालेल, विटकरीवर उलट खपून जाईल. निळे पडदे किंवा रंगीत गालिचा जवळ असेल तर मात्र तो बाहेर काढा.

मांडणी झाली की कलाकाराला बोलावण्याआधी रिकाम्या भिंतीचा फोटो घ्या. हा फोटो मला सगळ्यांत उपयोगी वाटतो, आणि नेमका तोच लोक विसरतात. पहिल्यांदा त्याचा हिस्टोग्राम, म्हणजे गडद ते उजळ पिक्सेलचा आलेख, पाहा. आलेखात मध्याजवळ एकच अरुंद सुळका दिसला, तर भिंत सगळीकडे सारखी उजळ आहे. सुळक्याऐवजी पसरट टेकडी दिसली, तर एक बाजू गडद आणि एक उजळ आहे. सॉफ्टबॉक्स थोडा कॅमेऱ्याच्या बाजूला वळवावा, म्हणजे टेकडी अरुंद होते. लाल, हिरवा आणि निळा असे तीन आलेख वेगळे दिसत असतील आणि तिन्ही सुळके जवळपास एकाच जागी असतील, तर भिंत खरोखर करडी आहे.

याच रिकाम्या फोटोचा दुसरा उपयोग कापताना होतो. त्यासाठी ट्रायपॉड, दिवा आणि सेटिंग यांना अजिबात धक्का लावायचा नाही. कलाकाराच्या फोटोची एक प्रत घ्या, तिच्यावर रिकाम्या भिंतीचा लेयर ठेवा आणि वरच्या लेयरचा ब्लेंड मोड Divide करा. ही सोय Photoshop आणि GIMP या दोन्हींत आहे. प्रत्येक पिक्सेलला त्याच्या मागच्या भिंतीने भागले जाते, त्यामुळे भिंत सगळीकडे शुभ्र होते आणि काळे केस पांढऱ्यावर काळे असे ठळक सुटून येतात. दोन्ही लेयर एकत्र करून Levels ने केस आणखी गडद करा, Invert ने चित्रातले काळे पांढरे आणि पांढरे काळे करा, आणि हाच केसांचा मास्क. धोतर भिंतीपेक्षा उजळ असल्याने या प्रतीत ते पांढऱ्यात नाहीसे होईल, चेहराही अर्धवट दिसेल. म्हणून ही प्रत फक्त काळ्या केसांसाठी वापरायची. चेहरा, कपडे आणि हात पेन टूलने, खऱ्या कडेच्या एक-दोन पिक्सेल आतून आखायचे आणि दोन्ही मास्क कपाळाजवळ जोडायचे. कलाकार उभा राहिला की त्याच्यामुळे भिंतीवर येणारा थोडा प्रकाश अडतो, त्यामुळे त्याच्याभोवती अगदी फिकट छटा उरू शकते; Levels मध्ये पांढऱ्या टोकाची खूण किंचित आत सरकवली की ती जाते.

पांढरे केलेल्या केसांच्या कलाकारासाठी हाच मार्ग चालत नाही. त्याचा मास्क मूळ फोटोच्या निळ्या चॅनेलवरून, न उलटवता करा: केस आधीच भिंतीपेक्षा उजळ आहेत. केसांना लावलेली पावडर खांद्यावर सांडली असेल तर फोटोआधी झटकून घ्या.

वेषभूषेत दोन वस्तू त्रास देतील. पारदर्शक ओढणीतून भिंत दिसते आणि ती कापून वेगळी करता येत नाही. पण भिंतीचा उजळपणा विटकरीएवढाच ठेवला असल्याने ओढणीचा तो भाग अर्धपारदर्शक करून खाली विटकरी रंग ठेवला की बराच खपतो. चष्म्याचे तसे नाही. नंबरच्या काचेतून गालाची कड आणि भिंत वाकडी दिसते, काचेवर दिव्याचे प्रतिबिंब येते. भूमिकेला चष्मा हवाच असेल तर काच नसलेली फ्रेम मिळवा; नाटकवाल्यांकडे ती सहसा असतेच.

सातही जणांसाठी जमिनीवर खडूच्या खुणा करा: कलाकाराच्या टाचा, दिव्याच्या स्टँडचे पाय, ट्रायपॉडचे पाय. कॅमेरा छातीच्या उंचीवर, साधारण चार फुटांवर, सर्वांसाठी तोच. एका कलाकारासाठी दिवा उजवीकडे आणि दुसऱ्यासाठी डावीकडे गेला तर कापणे सोपे होऊनही पोस्टरवर ती माणसे एकत्र उभी असल्यासारखी दिसणार नाहीत.

शेवटी वेळापत्रकाविषयी. सातही जणांना एकाच वेळी बोलावू नका. ज्याचे किंवा जिचे केस सर्वांत मोकळे आणि कुरळे, त्या कलाकाराला तासभर आधी बोलवा, चार फोटो घ्या आणि त्यांतील एक तिथेच लॅपटॉपवर कापून विटकरी पार्श्वभूमीवर ठेवा. पूर्ण कापण्याची गरज नाही, कानापासून डोक्याच्या टोकापर्यंतचा भाग पुरे. शंभर टक्के मोठे करून कड पाहा. केसांभोवती फिकट रेघ दिसली तर भिंत उजळ आहे, दिवा अर्धा फूट जवळ आणा. गडद रेघ दिसली, किंवा काळे केस भिंतीत मिसळून मास्क तुटक आला, तर भिंत गडद आहे. दिवा मागे घ्या किंवा दुसऱ्या फ्लॅशने भिंत थोडी वर चढवा. सावलीकडील गालाची कड दिसतच नसेल तर थर्माकोलचा ताव कलाकाराच्या अर्धा फूट जवळ सरकवा. दर बदलानंतर रिकाम्या भिंतीचा नवा फोटो घ्या, कारण जुना आता Divide साठी चालणार नाही. ही कड नीट बसली की मगच उरलेल्या सहा जणांना रंगभूषेला बसवा.